बँक विलीन झाली: खाते क्रमांक, आयएफएससी आणि चेकबुक नेमकं कधी बदलतं?

बँक दुसऱ्या बँकेत विलीन होणार अशी बातमी आली की पेपरात एकच तारीख छापून येते आणि लोक ती तारीख धरून धावपळ करतात. त्या दिवशी तुमच्या खात्यात मात्र बहुधा काहीच बदलत नाही. खरा बदल नंतर, टप्प्याटप्प्याने येतो आणि तेव्हा पेपरात मोठी बातमी नसते. म्हणून पहिलं काम हे की, आपली बँक सध्या कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखायचं.

टप्पे तीन. पहिला कायदेशीर विलीनीकरणाचा दिवस: जुनी बँक कागदोपत्री संपते, तुमच्या ठेवी आणि कर्जं नव्या बँकेची होतात. दुसरा संगणक प्रणालीचा: तुमची शाखा जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्या बँकेच्या प्रणालीवर जाते. खाते क्रमांक बदलणार असेल तर तो इथे बदलतो. तिसरा जुने कोड बंद होण्याचा: जुना आयएफएससी आणि जुनी चेकबुकं यापुढे चालणार नाहीत, असं बँक जाहीर करते. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात वर्ष-दोन वर्षांचं अंतर पडू शकतं आणि गाफीलपणा शिरतो तो याच काळात. सगळं जुन्यासारखं चालू असतं, माणूस म्हणतो काही बदललंच नाही, आणि मग एके दिवशी आलेले पैसे परत जातात.

हे तिन्ही टप्पे नीट दिसतात ते देना बँकेच्या बाबतीत, म्हणून उदाहरण तिचंच घेतो. देना आणि विजया या दोन बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. देनाच्या शाखा नव्या प्रणालीवर नेण्याचं काम डिसेंबर २०२० मध्ये संपलं. जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले आणि तळाशी जुना एमआयसीआर कोड छापलेले चेक बदलून घ्यायला ३१ मार्च २०२१ पर्यंतची मुदत होती. म्हणजे विलीनीकरणापासून कोड बंद होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरात गेली आणि तिचे जुने आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद झाले, म्हणजे पंधरा महिन्यांनी. प्रत्येक बँकेचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याच्या बँकेत काय झालं त्यावरून आपला अंदाज बांधू नये.

चेकच्या एका पानावर सगळं असतं

काय बदलतं ते समजायला आपलं जुनं चेकबुक उघडून एक पान समोर ठेवा. वर शाखेच्या पत्त्याजवळ अकरा अक्षरांचा आयएफएससी छापलेला असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं स्थान नेहमी शून्याचं आणि शेवटची सहा स्थानं शाखेची. देनाचा कोड `BKDN0` ने सुरू व्हायचा. विलीनीकरणानंतर त्याच शाखांना `BARB0DB` ने सुरू होणारा कोड मिळाला. शाखेची इमारत तीच, समोरचा कर्मचारी तोच, पण पैसे पाठवणाऱ्या यंत्रणेच्या लेखी तो पत्ता वेगळा झाला.

बडोदाच्या कोडमध्ये पुढची स्थानंही अक्षरांची असल्यामुळे पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप करणारे पुष्कळ आहेत. कोणाला कोड कळवताना फोनवर सांगू नका, लिहून पाठवा.

आता चेकच्या तळाशी असलेली पांढरी पट्टी बघा. तिथे ठोकळेबाज आकड्यांची ओळ असते. पहिले सहा आकडे चेक क्रमांकाचे. पुढचे नऊ आकडे म्हणजे एमआयसीआर कोड: त्यात पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे आकडे पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून येतात, म्हणून नाशिक शहरातल्या चेकवर `422` दिसतं. देनाचा बँक क्रमांक `018` होता, बडोदाचा `012`. म्हणजे नाशिकच्या देना शाखेच्या चेकवर `422018` ने सुरू होणारा कोड असायचा, त्या जागी `422012` ने सुरू होणारा आला. सिंडिकेटचा `025` जाऊन कॅनराचा `015` आला. मधले तीन आकडे पाहिलेत की चेक जुना की नवा हे लगेच कळतं, त्यासाठी शाखेत विचारायला जावं लागत नाही.

खाते क्रमांकाची गोष्ट मात्र कोडसारखी सरळ नाही. काही विलीनीकरणांत तो बदलतो, काहींत नाही. देनाचा खाते क्रमांक बारा आकडी होता, बडोदाचा चौदा आकडी असतो, त्यामुळे देनाच्या खातेदारांना नवे क्रमांक मिळाले. उलट आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँकांच्या खातेदारांचे क्रमांक युनियन बँकेत गेल्यावरही तेच राहिले, आयएफएससी तेवढा बदलला. त्यामुळे ‘क्रमांक बदलला का’ आणि ‘कोड बदलला का’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं स्वतंत्रपणे मिळवायची.

नवी माहिती अंदाजाने नाही, लेखी घ्या

सिंडिकेटच्या बाबतीत जुन्या कोडवरून नवा काढता यायचा. बँकेचंच उदाहरण होतं: `SYNB0003687` चा `CNRB0013687` झाला. ते पाहून अनेकांना वाटलं की सगळीकडे असंच सूत्र असणार. आंध्राच्या शाखांना `UBIN08` ने सुरू होणारे कोड मिळाले, कॉर्पोरेशनच्या शाखांना `UBIN09` ने, पण उरलेले आकडे स्वतः जुळवायच्या भानगडीत पडू नये. चुकलेला कोड दुसऱ्या कुठल्या तरी शाखेचा खरा कोड निघू शकतो आणि मग चूक लवकर लक्षात येत नाही.

शाखेतून चार गोष्टी घ्यायच्या: नवा खाते क्रमांक, नवा आयएफएससी, नवा एमआयसीआर आणि नवा ग्राहक क्रमांक. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे नव्या पासबुकचं पहिलं पान किंवा नाव छापलेला नवा रद्द केलेला चेक. पुढे प्रत्येक ठिकाणी हाच कागद मागतात, म्हणून त्याचा स्वच्छ फोटो मोबाईलमध्ये ठेवा. नव्या बँकेच्या संकेतस्थळावर आणि रिझर्व्ह बँकेच्या आयएफएससी यादीत तोच कोड दिसतो का, हेही एकदा पडताळून बघा.

दोन्ही बँकांत खाती असतील तर ग्राहक क्रमांकाकडे जरा जास्त लक्ष द्या. एकाच बँकेत एका माणसाचे दोन ग्राहक क्रमांक झालेले असतात आणि ते एकत्र करताना नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख किंवा मोबाईल नंबर जुळला नाही की काम अडतं. पॅन आणि आधार घेऊन जाऊन दोन्हीकडची माहिती सारखी करून घ्यावी.

नाशिकच्या नागरी सहकारी बँकांच्या खातेदारांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या आयएफएससीची पहिली चार अक्षरं वाचा. छोट्या सहकारी बँका बऱ्याचदा थेट पेमेंट यंत्रणेत नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने असतात आणि तेव्हा कोड त्या मोठ्या बँकेच्या अक्षरांनी सुरू होतो. अशी सहकारी बँक तिसऱ्याच बँकेत विलीन झाली की त्या आधाराच्या कराराचं काय होणार, यावर जुन्या कोडचं आयुष्य ठरतं. तेव्हा ‘जुना कोड कोणत्या तारखेपर्यंत चालेल’ हा प्रश्न शाखेत थेट विचारा आणि उत्तर परिपत्रकात दाखवायला सांगा. जुन्या नाशिककरांना नाशिक पीपल्स बँक सारस्वत बँकेत गेलेली आठवत असेल. सारस्वतमध्येच ऑगस्ट २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकही आली. सहकारी बँकांत हे अधूनमधून होतच असतं.

शाखा नव्या प्रणालीवर जाण्याआधी आणखी एक काम उरकून घ्या: जुन्या नेट बँकिंगमधून गेल्या काही वर्षांचे खातेउतारे उतरवून ठेवा, पासबुक छापून घ्या. नव्या प्रणालीत जुने व्यवहार मागे किती दिसतील हे बँकेवर अवलंबून असतं आणि घरकर्जाला किंवा आयकराच्या नोटिशीला नेमका जुना उतारा लागतो.

एक उदाहरण: पंचवटीतलं खातं

समजा, पंचवटीत राहणाऱ्या सुनंदाताईंचं देना बँकेत बचत खातं होतं. हे नाव आणि हिशेब समजावण्यापुरते आहेत. त्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. बागेचे पैसे व्यापारी एनईएफटीने पाठवतो. एलआयसीचा हप्ता आपोआप खात्यातून कापला जातो. गॅसची सबसिडी आधारवर येते. आणि मुलाच्या दुकानाच्या भाड्यापोटी त्यांनी मालकाला पुढच्या तारखांचे बारा चेक एकदम देऊन ठेवलेत.

१ एप्रिल २०१९ ला यातल्या कशालाच धक्का लागला नाही. शाखा नव्या प्रणालीवर गेल्यावर त्यांना नवा चौदा आकडी क्रमांक मिळाला. आता त्यांनी कोणाला काय कळवायचं?

पैसे पाठवणाऱ्यांना आधी. व्यापाऱ्याच्या बँकेत सुनंदाताईंचं नाव जुन्या क्रमांकाने आणि `BKDN0` च्या कोडने साठवलेलं आहे. त्याने ते नुसतं दुरुस्त करायचं नाही, जुनं काढून टाकून नवीन नोंदवायचं आणि आधी एक रुपया पाठवून बघायचा. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नावावर नाही. क्रमांक जुना आणि कोड नवा अशी खिचडी तर मुळीच करू नये. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय आता एनईएफटी आणि आरटीजीएसलाही आली आहे, व्यापाऱ्याने ती वापरून नाव जुळतं का ते बघावं.

काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते लक्षणांवरून कळतं. कोड बंद पडलेला असेल तर पाठवणाऱ्याची बँक सहसा तिथेच नकार देते, पैसे खात्यातून निघतच नाहीत. कोड बरोबर पण क्रमांक अस्तित्वात नसेल तर पैसे निघतात आणि परत येतात. नियम असा की, पैसे जमा करता आले नाहीत तर समोरच्या बँकेने ज्या तुकडीत ते आले त्यानंतर दोन तासांत परत पाठवायचे. व्यापारी म्हणाला ‘पाठवलेत’ आणि सुनंदाताई म्हणाल्या ‘आले नाहीत’, तर भांडण्याआधी त्याच्याकडून त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घ्यायचा आणि त्याच्या खात्यात परतीची नोंद आहे का ते बघायला सांगायचं. परतही नाहीत आणि जमाही नाहीत, असं असेल तरच मामला गंभीर. अशा वेळी क्रमांक चुकून दुसऱ्या कोणाच्या खात्याला लागलेला असू शकतो. यूटीआर घेऊन त्याच दिवशी दोन्ही बँकांत लेखी अर्ज द्यावा.

एलआयसीचा हप्ता हा उलट्या दिशेचा व्यवहार. अशा आपोआप कपातीची जी मंजुरी दिलेली असते, तिला एक ठरावीक क्रमांक असतो आणि त्यात जुना खाते क्रमांक नोंदलेला असतो. बँका बहुतेक वेळा जुन्या क्रमांकाची नव्याशी सांगड घालून या कपाती चालू ठेवतात. तरी प्रणाली बदलल्यानंतरची पहिली कपात झाली की नाही, ते उतारा उघडून बघायचंच. हप्ता कापला गेला नाही तर पॉलिसीवर विलंब शुल्क बसतं, गृहकर्ज असेल तर त्याहून वाईट. शंका असेल तर नवी मंजुरी द्या, पण जुनी रद्द झाल्याची खात्री करूनच. नाहीतर एकाच महिन्यात दोनदा कपात होते.

गॅस सबसिडीसाठी सुनंदाताईंनी काहीच करायची गरज नाही. आधारवर येणारे पैसे खाते क्रमांक किंवा आयएफएससी बघून येत नाहीत. कोणत्या बँकेत आधार जोडलेलं आहे याची नोंद मध्यवर्ती यादीत असते आणि विलीन झालेल्या बँकेने ती नोंद पुढे न्यायची असते. लाडकी बहीण आणि शेतकरी योजनांचे आधारवर येणारे हप्तेही याच वाटेने येतात. ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. तिथे नव्या बँकेचं नाव आलंय का ते एकदा पाहिलं की पुरे. जुनंच नाव किंवा ‘निष्क्रिय’ दिसलं तर मात्र शाखेत आधार जोडणीचा फॉर्म भरून द्यावा.

यूपीआयमध्ये जुनं खातं काढून टाकून नवी बँक निवडून पुन्हा जोडा. मोबाईल नंबर तोच असेल तर खातं आपोआप सापडतं, फक्त पिन नव्याने करावा लागू शकतो.

भाड्याचे बारा चेक

उदाहरणातला सगळ्यात नाजूक भाग हा, कारण हे चेक सुनंदाताईंच्या हातात नाहीत, मालकाच्या कपाटात आहेत. चेकवरच्या तारखेपासून तो तीन महिने चालतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण जुन्या बँकेचे चेक बंद होण्याची तारीख या तीन महिन्यांना मानत नाही. चेकवर १५ मार्च २०२१ ही तारीख असेल तर एरवी तो १४ जूनपर्यंत बँकेत टाकता आला असता. चेकबुकच ३१ मार्चला बंद होणार असल्यामुळे मालकाच्या हातात उरले सोळा-सतरा दिवस.

करायचं असं. चेकबुकच्या आतली नोंदपट्टी काढून कोणाकोणाला दिलेले चेक अजून वटलेले नाहीत ते लिहून काढा. नवं चेकबुक हातात आल्यावर त्या प्रत्येकाकडे जाऊन जुने चेक परत घ्या आणि नवे द्या. ‘नवे देतो, जुने तुम्हीच फाडून टाका’ असं म्हणू नये. जुने हातात घेऊनच नवे द्यायचे, नाहीतर एकाच भाड्याचे दोन चेक बाहेर राहतात. परत मिळत नसतील तर त्या क्रमांकांना शाखेत ‘पेमेंट थांबवा’ अशी लेखी सूचना द्या. चेकबुकात उरलेली कोरी पानं फाडून टाका. नवा चेक पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल आणि बँक आगाऊ माहिती मागत असेल, तर ती नव्या खाते क्रमांकाने भरायची. जुन्या क्रमांकाने भरलेली माहिती चेकशी जुळत नाही आणि चेक अडतो.

आता मालकाच्या बाजूने बघू, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या कपाटात दुसऱ्याचे चेक असतील: उधारीचे, भाड्याचे, हातउसन्या पैशांचे. देणाऱ्याची बँक विलीन झाली असेल तर तळाच्या ओळीतले मधले तीन आकडे बघा आणि मुदत संपायच्या आत चेक बँकेत टाका किंवा बदलून मागा. मुदतीनंतर टाकलात तर तो पैसे नसल्यामुळे नव्हे, चेकच वैध नसल्यामुळे परत येईल. हा फरक महागात पडू शकतो. चेक न वटल्याबद्दलचा फौजदारी खटला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली चालतो आणि त्यासाठी चेक वैध मुदतीत बँकेत टाकलेला असावा लागतो. विलीन झालेल्या अलाहाबाद बँकेचे चेक ३० सप्टेंबर २०२१ नंतर चालेनासे झाले. अशा चेकच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं की, मुदतीनंतर टाकलेला तो चेक वैध नसल्याने कलम १३८ लागत नाही. पैसे बुडतात असं नाही, दिवाणी दावा राहतोच, पण ज्या कलमाच्या धाकाने लोक पैसे देतात तो धाक जातो. उधारीवर माल देणाऱ्यांनी विलीनीकरणाची बातमी आली की आपलं चेकचं पाकीट उघडून बघावं.

चेक परत आलाच तर सोबतच्या मेमोवरचं कारण वाचा. ‘शिल्लक अपुरी’ आणि ‘चेक वैध नाही’ ही दोन कारणं एकसारखी समजून वकिलाकडे धावू नका.

उरलेले कोपरे

ज्यांच्याकडून वर्षातून एखाद्याच वेळी पैसे येतात तेच विसरले जातात. आयकराचा परतावा त्यातला पहिला: ई-फायलिंग संकेतस्थळावर प्रोफाइलमध्ये बँक खात्याची पडताळणी नव्या क्रमांकाने आणि कोडने पुन्हा करावी लागते, नाहीतर परतावा अडकून राहतो. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातही जुना आयएफएससी राहिला तर दावा नाकारला जातो आणि ते कळतं नेमकं पैशांची निकड असताना. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम सोडून गेलेल्यांनी हे विशेषकरून तपासावं, कारण पगार दुसऱ्या बँकेत गेल्यावर निधीच्या नोंदीत जुनीच बँक राहते. डीमॅट आणि म्युच्युअल फंडातही खातं बदलून घ्या. लाभांशाची रक्कम छोटी असते, म्हणून ती परत गेलेली कोणाच्या लक्षात येत नाही.

मुदत ठेवींच्या पावत्या बदलायची घाई नसते. ठरलेला व्याजदर मुदत संपेपर्यंत तोच राहतो. पण मुदतीनंतर रक्कम कोणत्या खात्यात जाणार, तो क्रमांक नवा झालाय का, ते बघून घ्या.

या काळात ‘तुमची बँक विलीन झालीय, नवा कोड चालू करायला ओटीपी सांगा’ असे फोन येतात. खाते क्रमांक, आयएफएससी किंवा चेकबुक यातलं काहीही बदलायला फोनवर कोणाला ओटीपी सांगायची गरज नसते. नवी माहिती बँक तुम्हाला देते, तुमच्याकडून मागत नाही. फोन ठेवून शाखेत जा.

आणि शाखेत काम होत नसेल तर तोंडी सांगून थांबू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. सोबत जुना आणि नवा खाते क्रमांक, यूटीआर किंवा चेक क्रमांक आणि शाखेच्या पोचेचा फोटो जोडा.